मोकळे शब्द, मोकळ्या ओळी : वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी मराठी पान कसे मांडावे?



आपल्या रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन कक्षात वरूड, मोर्शी आणि आसपासच्या गावांतून पालक मुलांना घेऊन येतात. सोबत बहुधा शाळेचे प्रगतिपुस्तक असते आणि अलीकडे त्याच्या जोडीला एक प्रश्नही असतो : 'डिस्लेक्सियाच्या मुलांसाठी वेगळा फॉन्ट निघाला आहे म्हणतात, तो कुठे मिळतो?' प्रश्न रास्त आहे. मूल बोलण्यात हुशार, हिशेबात चलाख, संत्र्याचा आंबिया बहार कोणता आणि मृग बहार कोणता हे अचूक सांगणारे. आणि तेच मूल पाचवीत गेले तरी पुस्तकातील चार ओळी सलग वाचू शकत नाही. शाळा त्याला आळशी म्हणते, घर त्याला रागावते. अशा वेळी संगणकावर अक्षराचे वळण बदलून वाचन सुधारत असेल, तर ते कोणत्या आईबापांना नको असेल?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही पालकांना तोंडी देत आलो आहोत. यंदा ते सविस्तर लिहून काढावे, असे ठरले. कारण फॉन्टमध्ये नेमके काय असते, अक्षरांतील अंतर वाढवल्याने काय घडते आणि या गोष्टी इंग्रजीहून मराठीत का वेगळ्या ठरतात, हे ठाऊक नसेल तर पालकांचा वेळ आणि मुलाचे वर्ष दोन्ही वाया जाते.

आधी डोळे, मग कान, मग पान

अडखळत वाचणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. म्हणून आमच्याकडे पहिली तपासणी नेत्रविभागात होते आणि दुसरी श्रवणाची. चष्म्याचा नंबर सुटून गेलेला असेल, तर पानाची कितीही सुंदर मांडणी केली तरी उपयोग नाही. या दोन्ही तपासण्या व्यवस्थित निघाल्या, मुलाची समज वयाला साजेशी आढळली, शाळेत शिकवणे नियमित झालेले असले आणि तरीही वाचन मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेचा विचार सुरू होतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. ती हिंदी व कन्नडसोबत मराठीतही आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाची परीक्षा इंग्रजी शब्दांवर घेण्याची पूर्वीची अडचण कमी झाली.

डिस्लेक्सियाचे मूळ मुख्यत्वे उच्चार आणि अक्षर यांची सांगड घालण्याच्या अडचणीत आहे. मुलाला अक्षरे उलटी दिसतात हा समज लोकप्रिय असला, तरी बहुतेक मुलांच्या बाबतीत तो खरा नाही. मात्र या मुलांपैकी अनेकांना आणखी एक त्रास होतो. एखादे अक्षर एकटे दाखवले तर ते झटकन ओळखतात. तेच अक्षर इतर अक्षरांच्या दाटीत आले की ओळखताना चुकतात. शेजारच्या आकृत्या मधल्या आकृतीत मिसळल्यासारख्या होतात. बाजारातील गर्दीत ओळखीचा चेहरा चटकन सापडू नये, तसा हा प्रकार. उच्चाराची अडचण शिकवण्यानेच कमी होते. दाटीची अडचण मात्र पान बदलून कमी करता येते. या लेखात जे सांगायचे आहे, ते या दुसऱ्या अडचणीपुरते आहे.

फॉन्टची कीर्ती आणि मोकळ्या जागेचे काम

डिस्लेक्सियासाठी म्हणून ओळखले जाणारे दोन फॉन्ट विशेष प्रसिद्ध आहेत. नेदरलँड्समधील क्रिस्तियान बूर यांनी २००८ मध्ये 'डिस्लेक्सी' हा फॉन्ट तयार केला, आणि अबेलार्दो गोन्झालेस यांनी २०११ मध्ये 'ओपनडिस्लेक्सिक' हा फॉन्ट सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिला. दोन्हींची कल्पना सारखीच आहे. रोमन लिपीत b आणि d, p आणि q ही अक्षरे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. अक्षराचा तळ जाड केला, तर ते उलटे वाटणार नाही आणि अशा जोड्यांत गोंधळ होणार नाही, असा त्यामागचा विचार.

पुढे या फॉन्टची परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियात वाचनात मागे असलेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'डिस्लेक्सी' फॉन्टमध्ये मुलांनी नेहमीच्या एरियल फॉन्टपेक्षा मिनिटाला सुमारे सात टक्के अधिक शब्द वाचले. परंतु संशोधक तेथेच थांबले नाहीत. 'डिस्लेक्सी'मध्ये अक्षरांत आणि शब्दांत जेवढे अंतर मुळातच सोडलेले आहे, तेवढेच अंतर त्यांनी एरियलमध्ये सोडले. तेव्हा दोन्हींमधील फरक नाहीसा झाला. म्हणजे फायदा अक्षराच्या वळणाचा नव्हता, मोकळ्या जागेचा होता.

मोकळ्या जागेचे हे काम त्याआधी, २०१२ मध्ये, इटलीतील मार्को झोर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. डिस्लेक्सिया असलेल्या ३४ इटालियन आणि ४० फ्रेंच मुलांना त्यांनी १४ पॉइंट आकाराचा मजकूर वाचायला दिला. एकदा नेहमीच्या मांडणीत आणि एकदा अक्षरांतील अंतर अडीच पॉइंटने वाढवून. कोणतेही प्रशिक्षण न देता मुलांच्या वाचनाचा वेग वीस टक्क्यांहून अधिक वाढला आणि चुका जवळपास निम्म्यावर आल्या.

म्हणून पालकांना आमचे पहिले सांगणे असे असते : फॉन्टच्या शोधात फार फिरू नका, मोकळ्या जागेकडे लक्ष द्या. पण हे सांगून लगेच दुसरे सांगावे लागते, कारण वरील प्रयोग रोमन लिपीत झाले आहेत आणि आपले मूल देवनागरी वाचते.

मराठीत ही युक्ती जशीच्या तशी का चालत नाही?

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. वर सांगितलेल्या दोन्ही फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. मराठी मजकूर निवडून त्याला 'ओपनडिस्लेक्सिक' लावला की संगणक कुरकुर न करता दुसराच कोणता तरी देवनागरी फॉन्ट वापरतो. वर फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र नव्या फॉन्टचे दिसते. एखाद्या पालकाने महिनाभर अशी पाने छापली, तरी मुलाच्या हातात पडतो तो जुनाच फॉन्ट. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : फॉन्ट लावण्यापूर्वीचे आणि लावल्यानंतरचे पान छापून शेजारी ठेवावे. मराठी अक्षरे तशीच राहून फक्त इंग्रजी शब्द आणि इंग्रजी आकडे बदललेले दिसले, तर काय घडले ते समजते.

दुसरी गोष्ट अशी की, देवनागरीत b आणि d सारख्या आरशातील जोड्या नाहीत. आपल्याकडे मुले गोंधळतात ती घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांत. येथे फरक असतो एखाद्या गाठीचा, एका आडव्या रेषेचा किंवा शिरोरेषेतील लहानशा फटीचा. तळ जाड करून हा फरक ठळक होत नाही. म्हणून मराठीसाठी फॉन्ट निवडताना एवढेच पाहावे की गाठी उघड्या व मोठ्या आहेत, रेषांची जाडी सगळीकडे साधारण सारखी आहे आणि ध व भ यांच्या शिरोरेषेतील फट छपाईत बुजत नाही. Mukta आणि Noto Sans Devanagari हे विनामूल्य फॉन्ट, तसेच विंडोजबरोबर येणारा Nirmala UI, या कसोटीला उतरतात. आणखी एक बारकावा पाहावा. मराठी शाळेत शिकवले जाणारे ल आणि श यांचे वळण हिंदीतील वळणाहून वेगळे आहे, आणि संगणकावरील अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण येते. 'लाल शाल' एवढे दोन शब्द टंकित करून पाहावेत. पुस्तकातल्यासारखी अक्षरे आली तरच तो फॉन्ट घ्यावा. जे मूल आधीच अडखळते, त्याला एका अक्षराची दोन रूपे देऊ नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती शिरोरेषेची आहे. रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात, म्हणून त्यांच्यातील अंतर वाढवले तरी शब्द शब्दच राहतो. देवनागरीत शब्दाला एकत्र बांधते ती शिरोरेषा. ती जिथे तुटते, तिथे शब्द संपला, असे आपला डोळा लहानपणापासून शिकलेला असतो. संगणकावर अक्षरांतील अंतर वाढवले की ही रेषा अक्षरागणिक तुटते. 'पाऊस' हा एक शब्द न राहता तीन तुकडे होतात. काही कार्यक्रमांत तर याहून वाईट घडते : अर्धे अक्षर त्याच्या जोडीदारापासून दूर जाते, काना सुटा उभा राहतो आणि 'विद्यार्थी' हा शब्द वाचणाऱ्या मोठ्या माणसालाही क्षणभर थांबावे लागते. दाटी कमी करण्यासाठी केलेला उपाय मुलाकडून शब्दाची ओळखच काढून घेतो.

मग मोकळी जागा सोडायची कुठे? आमचे उत्तर असे आहे : मराठीत अंतर शब्दांच्या मध्ये आणि ओळींच्या मध्ये सोडावे. देवनागरीतील दाटी आडवी जेवढी असते, त्याहून अधिक उभी असते. वेलांटी, रफार, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर. उकार आणि ऋकार अक्षराच्या खाली. ओळी जवळजवळ असतील तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला जाऊन भिडतो. मोठ्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही; अडखळणाऱ्या मुलाला मात्र 'सुरू' मधील पहिला उकार कोणत्या ओळीचा, हे ठरवावे लागते. म्हणून रोमन लिपीत जे काम अक्षरांतील अंतर करते, त्यातील मोठा भाग मराठीत ओळींतील अंतर करते.

पान तयार करण्याची रीत

आमच्या कक्षात पान तयार करताना पुढील क्रम पाळला जातो. घरी किंवा शाळेतही मायक्रोसॉफ्ट वर्डवर तो करता येईल.

प्रथम मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे पाहावे. शाळांतील जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे अनेकदा श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित केलेली असतात. अशा मजकुराचा फॉन्ट बदलला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसू लागते. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरातही वेलांट्या आणि जोडाक्षरे बरेचदा विस्कटतात. अशा वेळी दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ते एक पान युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करणे कमी कष्टाचे ठरते, आणि नंतर ते मूळ पुस्तकाशी एकदा शब्दाला शब्द लावून पाहावे. अडखळणाऱ्या मुलाच्या पानावर आपली स्वतःची चूक राहू देऊ नये.

नंतर सर्व मजकूर निवडून Font ही चौकट उघडावी. येथे एक फसगत नेहमी होते. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार हे वर्ड Complex scripts या वेगळ्या रकान्यातून घेतो. वरच्या Latin text या रकान्यात आकार कितीही वाढवला, तरी मराठी अक्षर हलत नाही. तो रकाना शोधून तेथे फॉन्टचे नाव आणि १८ पॉइंट आकार भरावा. इंग्रजीसाठी १४ पॉइंट पुरतात. देवनागरीत वरच्या आणि खालच्या चिन्हांसाठी जागा राखलेली असल्याने तेवढ्याच पॉइंटमध्ये मुख्य अक्षर लहान दिसते, म्हणून मराठीसाठी आकार थोडा वाढवावा लागतो. याच चौकटीत Advanced या पानावर Spacing आहे. मराठी मजकुरासाठी तेथे Normal हेच राहू द्यावे.

ओळींतील अंतरासाठी Paragraph ही चौकट उघडून Line spacing मध्ये Exactly निवडावे आणि At मध्ये 32 pt लिहावे. 1.5 lines हा पर्याय आम्ही टाळतो, कारण त्याचा गुणाकार फॉन्टमध्ये मुळात असलेल्या ओळीच्या उंचीवर होतो आणि ती प्रत्येक फॉन्टची वेगळी असते. एका फॉन्टमध्ये ओळी जेमतेम सुटतात, तर दुसऱ्यात इतक्या लांब जातात की डोळा पुढची ओळ शोधत राहतो. Exactly वापरताना एकच काळजी घ्यावी. आकडा लहान पडला तर ओळीच्या वरच्या खुणा कापल्या जातात. 'अर्थी', 'वर्षी', 'र्‍हास' हे शब्द पडद्यावर नव्हे, तर छापलेल्या कागदावर पाहावेत. रफार किंवा वेलांटीचे टोक कापलेले दिसले तर आकडा दोन दोन पॉइंटने वाढवावा.

शब्दांतील अंतर वाढवण्यासाठी वर्डमध्ये स्वतंत्र सोय नाही. तेव्हा Replace ही चौकट उघडून Find what मध्ये एक मोकळी जागा आणि Replace with मध्ये दोन मोकळ्या जागा टंकित कराव्यात आणि Replace All म्हणावे. त्याचबरोबर मजकूर Align Left ठेवावा. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी वापरली, तर संगणक ओळ भरून काढण्यासाठी एका ओळीत अंतर फुगवतो आणि दुसरीत आवळतो, आणि आपण नेमून दिलेले अंतर कुठेच उरत नाही. शेवटी बाजूचा समास वाढवून एका ओळीत सात ते नऊ शब्द येतील असे करावे. छपाईसाठी किंचित पिवळसर, चमक नसलेला आणि पाठीमागचे अक्षर न दिसणारा कागद घ्यावा.

इंग्रजीच्या पानाला मात्र युरोपातील रीत लागू पडते. तेथे Advanced मध्ये Spacing ला Expanded करून By मध्ये 2.5 pt लिहावे, आणि शब्दांतील अंतर त्या प्रमाणात वाढवावे; नाहीतर अक्षरे सुटतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. ब्रिटनमधील डिस्लेक्सिया संस्थेच्या मार्गदर्शिकेत शब्दांतील अंतर अक्षरांतील अंतराच्या किमान साडेतीन पट असावे, असे म्हटले आहे. 'ओपनडिस्लेक्सिक' मुलाला आवडत असेल तर तो जरूर वापरावा. आवडीने वाचलेले पान केव्हाही चांगले. मात्र त्याच्याकडून वेगळ्या चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे?

मांडणी बदलली की मूल खुश होते, पालक खुश होतात आणि वाचन सुधारल्यासारखे वाटते. वाटणे आणि होणे यांतील फरक मोजल्यावाचून कळत नाही. ही मोजणी कशी करतो ते एका उदाहरणाने सांगतो. पुढील मुलगी ही अनेक मुलांच्या अनुभवांतून उभी केलेली आहे, म्हणजे कोणाचीही ओळख उघड होणार नाही. आकडे पद्धत समजावी एवढ्यासाठीच घेतले आहेत.

मुलगी पाचवीत आहे. घरी संत्र्याच्या बागेत मजुरीचे काम. वर्गात वाचायची पाळी आली की तिचे पोट दुखते, आणि म्हणून घरचे तिला पोटाच्या दुखण्यासाठीच रुग्णालयात घेऊन आले आहेत. पोटात काही सापडत नाही. दृष्टी व श्रवण उत्तम. मग तिच्याच परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून, वर्गात अजून न शिकवलेल्या भागातून, शंभर शंभर शब्दांचे सहा उतारे घेतले जातात. तीन उतारे पुस्तकासारख्याच मांडणीत छापायचे आणि तीन वर सांगितलेल्या नव्या मांडणीत. तीन दिवस रोज प्रत्येकी एक उतारा वाचून घ्यायचा. पहिल्या दिवशी जुनी मांडणी आधी, दुसऱ्या दिवशी नवी आधी, तिसऱ्या दिवशी पुन्हा जुनी आधी. म्हणजे थकव्याचा किंवा सरावाचा लाभ एकाच मांडणीला मिळत नाही. वाचताना टोकायचे नाही. घड्याळ लावायचे आणि प्रत्येक चूक कोणत्या प्रकारची, ते आपल्या हातातील प्रतीवर खुणेने नोंदवायचे.

जुन्या मांडणीत शंभर शब्दांना सरासरी ३ मिनिटे ५० सेकंद लागले आणि १६ चुका झाल्या. नव्या मांडणीत ३ मिनिटे ५ सेकंद आणि ९ चुका. फायदा आहे हे उघडच आहे. पण आमच्या दृष्टीने खरी माहिती चुकांच्या प्रकारांत असते. जुन्या मांडणीतील १६ पैकी ४ चुका ओळ सुटण्याच्या किंवा तीच ओळ पुन्हा वाचण्याच्या होत्या. ५ उकार, वेलांटी, मात्रा यांच्या. ३ ध-घ, भ-म अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या. आणि ४ जोडाक्षरांच्या. नव्या मांडणीत ओळ सुटणे पूर्ण थांबले. उकार-वेलांटीच्या चुका ३ आणि सारख्या अक्षरांच्या २ उरल्या. जोडाक्षरांच्या मात्र ४ च्या ४ राहिल्या.

या चार चुका पानाच्या नव्हेत. 'शक्ती' मधील क् आणि त या ध्वनींची सांगड तिला अजून बसलेली नाही, आणि तिच्यासमोर अक्षर कितीही मोठे व मोकळे छापले तरी ती बसणार नाही. ती शिकवावी लागेल : शब्द ऐकून त्यातील ध्वनी वेगळे करणे, मग अर्धे अक्षर हाताने गिरवणे, मग ते शब्दात शोधणे, असे रोज थोडे थोडे. म्हणजे मांडणी बदलल्याने दोन गोष्टी साधल्या. ओळींची आणि चिन्हांची दाटी दूर झाली, आणि दाटीखाली लपलेली मूळ अडचण स्वच्छ दिसू लागली. विशेष शिक्षिकेला आता सोळा चुकांमागे धावावे लागत नाही. कुठून सुरुवात करायची ते तिला कळते.

याच मुलीला एक तिसरे पानही देऊन पाहायचे असते. त्यात मराठी अक्षरांतील अंतर अडीच पॉइंटने वाढवलेले असते. त्या पानाला ४ मिनिटे ५ सेकंद लागले, म्हणजे जुन्या मांडणीहूनही अधिक. शिरोरेषा तुटल्यामुळे ती शब्द वाचेनाशी झाली आणि एकेक अक्षर उच्चारू लागली. कान देऊन ऐकले तर हे घड्याळाशिवायही कळते. मूल 'पा, ऊ, स' असे तोडून म्हणू लागले की अंतर जास्त झाले, असे समजावे.

एखाद्या मुलाच्या बाबतीत दोन्ही मांडण्यांत काहीच फरक पडत नाही. त्याच्या अडचणीत दाटीचा वाटा नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा मुलासाठी कागद खर्च न करता तो वेळ शिकवण्याला द्यावा. तीन महिन्यांनी मोजणी पुन्हा करतो. वाचन सुधारत गेले की मोठ्या अक्षरांची व रुंद ओळींची गरज हळूहळू कमी होते. तेव्हा आकार आणि अंतर टप्प्याटप्प्याने पुस्तकाच्या जवळ आणावे, कारण पुढे मुलाला वाचायची आहेत ती पुस्तके आणि वर्तमानपत्रे नेहमीच्याच मांडणीत असणार.

शाळेशी आणि शासनाशी संबंध

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या प्रकारांत स्थान दिले. प्रमाणपत्रासाठी पालकांना अधिकृत शासकीय रुग्णालयात जावे लागते, आणि आमच्याकडील तपासणीचे कागद त्यासाठी सोबत दिले जातात. परंतु प्रश्नपत्रिका मोकळ्या ओळींत छापून देण्यासाठी, किंवा घटक चाचणीचा कागद १८ पॉइंटमध्ये काढण्यासाठी, शिक्षकांना प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. म्हणून पालकांच्या हाती आम्ही दोन्ही मांडण्यांतील नमुना पाने आणि मोजणीचा तक्ता देतो. शिक्षकांनी ते वर्गात स्वतः वाचून घ्यावे. 'हा मुलगा आळशी आहे' हा शेरा बदलण्यासाठी घड्याळ लावून घेतलेली सहा वाचने कोणत्याही शिफारसपत्राहून अधिक उपयोगी पडतात.

या कामाला यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो युनिकोडमध्ये मजकूर टंकित करणारा आणि शब्दाला शब्द तपासणारा माणूस, आणि कागद. नव्या मांडणीत पुस्तकाच्या एका पानाची साधारण दोन पाने होतात. त्यामुळे संपूर्ण पुस्तक न छापता, ज्या धड्याचे शिकवणे चालू आहे तेवढीच पाने आम्ही काढतो. देणगीदारांनी या कक्षासाठी दिलेली मदत बहुतांशी या दोन बाबींवर खर्च होते. ज्यांना सेवा द्यायची असेल, त्यांनी मराठी युनिकोड टंकलेखन येत असल्यास कक्षाशी संपर्क साधावा. आठवड्याला दोन धडे टंकित झाले, तरी एका वर्गातील अडखळणाऱ्या मुलांची पाने वेळेवर तयार होतात.

पालकांना शेवटी एवढेच सुचवायचे आहे : आज घरी मुलाच्या पुस्तकातील एक उतारा घ्यावा, तो दोन्ही प्रकारे छापावा आणि मुलाला न टोकता वाचू द्यावे. चुका मोजाव्यात, पण त्यांचे प्रकारही लिहून ठेवावेत. तो कागद घेऊन कक्षात यावे. पुढचे बोलणे तेथून सुरू करता येईल.

— बालमार्गदर्शन कक्ष, वरूड